साडेबारा व्होल्ट: बंद गाडीतले आणि चालू गाडीतले

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीची बॅटरी दोनदा उतरली. पहिल्यांदा उतरली तेव्हा ती चार वर्षांची होती, म्हणून काहीही न तपासता नवी बसवली. पाच आठवड्यांनी एका सकाळी नवीही सेल्फ उचलेना. दुकानदाराने ती चार्ज करून तपासली आणि बॅटरी चांगली असल्याचं सांगितलं. त्याचं म्हणणं खरं होतं. दोष दुसरीकडे होता, आणि त्याचा पहिला सुगावा लागला तो सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायच्या छोट्याशा व्होल्ट मीटरमुळे. फक्त त्याचे आकडे वाचायला मला शिकावं लागलं.

या बॅटरीला आपण बारा व्होल्टची म्हणतो, पण पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा बारा नसतो. आत सहा सेल असतात आणि भरलेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या निरोगी बॅटरीवर सकाळी १२.६ किंवा १२.७ दिसतात. १२.४ दिसले तर बॅटरी साधारण पाऊण भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. बरोबर बारा दिसले तर ती जवळपास रिकामी झाली, असं समजायचं. भरलेली आणि रिकामी यांच्यात जेमतेम अर्ध्या-पाऊण व्होल्टचा फरक असतो, त्यामुळे दशांशानंतरचा आकडाच सगळं सांगतो. सुयांच्या जुन्या मीटरवर तो नीट दिसत नाही. त्यासाठी अंकांचा मीटर हवा.

हा आकडा कधी बघायचा, यालाही महत्त्व आहे. गाडी नुकतीच बंद केली असेल तर मीटर तेराच्या आसपास दाखवतो आणि माणूस खूश होतो. पण तो चार्जिंगचा ताजा दाब असतो, काही तासांत ओसरतो. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करायचे, थोडं थांबायचं आणि मग बघायचं. आणखी एक गोष्ट म्हणजे, बऱ्याच गाड्यांत लायटरचं सॉकेट चावी फिरवल्यावरच चालू होतं. चावी फिरवली की पेट्रोलचा पंप, डॅशबोर्डचे दिवे असं सगळं जागं होतं आणि आकडा दोन-तीन दशांशांनी खाली येतो. खरा आकडा हवा असेल तर बॉनेट उघडून मल्टिमीटरच्या दोन्ही टोच्या थेट बॅटरीच्या खुंटांवर टेकवाव्या लागतात.

इंजिन चालू झालं की हिशेब बदलतो. आता मीटरवर दिसतो तो अल्टरनेटरचा दाब. टाकीत खालून पाणी चढवायचं तर पंपाचा जोर टाकीतल्या पाण्याच्या दाबापेक्षा जास्त लागतो. बॅटरीत वीज भरायलाही तिच्या स्वतःच्या दाबापेक्षा वरचा दाब हवा. म्हणून चालू गाडीत १३.८ ते १४.५ हे सुदृढ आकडे आहेत. अल्टरनेटरमधला रेग्युलेटर हा दाब आवरून धरतो. तो बिघडून आकडा पंधराच्या वर राहायला लागला तर बॅटरीतलं पाणी उडतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि बल्ब लवकर जातात.

म्हणजे साडेबारा व्होल्ट सकाळी बंद गाडीत दिसले तर काळजीचं कारण नाही. तेच साडेबारा इंजिन चालू असताना दिसत राहिले तर बॅटरीत काही भरलं जात नाही आणि गाडी तिच्या शिल्लकीवर धावते आहे.

माझ्या गाडीत नेमकं काय होतं? इंजिन चालू, बाकी सगळं बंद, तेव्हा मीटरवर १३.४. थोडे कमी, पण घाबरण्यासारखे नव्हेत. मग हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावला. आकडा घसरत १२.५ वर आला आणि इंजिनचा वेग वाढवूनही तिथेच राहिला. संध्याकाळी पावसात घरी येताना मी हेच सगळं लावून येत होतो. बॅटरी रोज थोडी रिकामी होत होती, आणि सकाळच्या दहा मिनिटांच्या फेरीत ती भरून निघत नव्हती. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मात्र एकदाही लागला नाही.

गॅरेजमध्ये पहिलं मत पडलं ते अल्टरनेटर बदला, असं. माझ्या ओळखीच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने ते थांबवलं. ‘आधी अल्टरनेटर किती देतोय ते बघू, मग त्याला नाव ठेवू,’ असं म्हणत त्याने सगळे दिवे लावलेले ठेवून मल्टिमीटर अल्टरनेटरच्या जाड नटावर टेकवला. तिथे १४.१ होते. बॅटरीच्या खुंटावर १२.५. निघताना १४.१ आणि पोचताना १२.५, म्हणजे १.६ व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. त्याने एक टोची अल्टरनेटरच्या नटावर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर ठेवली, तेव्हा मीटरने तेच १.६ सरळ दाखवले. इथे ०.२, फार तर ०.३ असायला हवेत.

वाटेत हरवलेला दाब उष्णता होऊन बाहेर पडतो. चाळीस अँपिअरच्या प्रवाहाला १.६ व्होल्ट म्हणजे चौसष्ट वॅट, एखाद्या जुन्या पिवळ्या बल्बाइतकी उष्णता. ती कुठे निघते हे शोधायला वेळ लागला नाही. अल्टरनेटरची जाड वायर फ्यूजच्या डब्यात जिथे नटाने कसलेली असते, तिथलं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं आणि लगवर हिरवट थर चढला होता. सेल्फची वायर वेगळ्या वाटेने जाते, म्हणून सेल्फ मारताना काही जाणवत नव्हतं. अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता, म्हणून लाल दिवाही गप्प होता.

त्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. हे विसरता कामा नये, कारण इंजिन बंद असलं तरी अल्टरनेटरच्या त्या नटावर वीज असते आणि पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते. मग लग कापून नवा बसवला, नट घासून कसला. सगळे दिवे लावून मोजलं, तर बॅटरीवर १४.० आणि वाटेतला फरक फक्त ०.१.

अल्टरनेटर तपासायला चालू गाडीतली बॅटरीची वायर काढून बघण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. ती करू देऊ नका. त्या क्षणी दाब एकदम उसळतो आणि गाडीतला संगणक जळू शकतो. तसंच, अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणकच चार्जिंगचा दाब वरखाली करतो. वेग घेताना १२.६ आणि ब्रेक लावताना पंधराच्या जवळ, असं तिथे बिघाड नसतानाही दिसतं. अशा गाडीत सगळे दिवे लावून अर्धा तास चालवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा बघायचा.

माझ्या गाडीचा सकाळचा आकडा आता १२.६ असतो. चार वर्षांची जुनी बॅटरी मात्र मी नवीच्या बदल्यात देऊन टाकली होती. ती पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवली असती आणि सकाळी सेल्फ मारताना तिचा दाब दहाच्या खाली जातो का, एवढंच पाहिलं असतं, तर ती खरंच संपली होती की तिलाही त्या हिरव्या नटानेच उपाशी ठेवलं होतं, ते कळलं असतं.