x दोन्ही बाजूंना असेल तर?

5x − 7 = 2x + 11 हे समीकरण घ्या. ‘बरोबर’ चिन्हाच्या दोन बाजू म्हणजे तराजूची दोन समतोल पारडी. एकीकडे जे कराल, तेच दुसरीकडेही करायचे.

आधी x एकाच बाजूला आणू. त्यासाठी दोन्हीकडून 2x वजा करा:

5x − 2x − 7 = 2x − 2x + 11
3x − 7 = 11

(5x वजा केले तरी चालते, पण मग −3x उरते आणि नवशिक्याचा गोंधळ होतो. म्हणून लहान पद काढावे.)

आता −7 घालवायला दोन्हीकडे 7 मिळवा:

3x − 7 + 7 = 11 + 7
3x = 18

3x म्हणजे 3 गुणिले x. म्हणून दोन्ही बाजूंना 3 ने भागा:

x = 6

चूक बहुधा या शेवटच्या पायरीवर होते. ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ एवढेच पाठ असलेला विद्यार्थी 3 सुद्धा वजा करतो आणि x = 15 लिहितो. ही चूक पकडायची तर उत्तर मूळ समीकरणात ठेवून पाहा. x = 15 घेतल्यास डावीकडे 68 येतात, उजवीकडे 41. x = 6 घेतल्यास दोन्हीकडे 23.