टक्कर कुठे होते? हब, स्विच आणि राउटर

एका ऑफिसात सात संगणक आणि एक प्रिंटर आहे. आठही केबल एका डबीत येतात. ती डबी हब आहे की स्विच, हे लांबून कळत नाही, पण दोघांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हबला अक्कल नसते. एका पोर्टवर आलेला संकेत तो उरलेल्या सातही पोर्टांवर जसाच्या तसा सोडतो. प्रिंटरला पाठवलेलं बिल सगळ्यांकडे पोचतं आणि ज्याचं नाही तो ते टाकून देतो. त्याच वेळी दुसऱ्या संगणकानेही काही पाठवलं, तर दोन्ही संकेत एकमेकांत मिसळून वाया जातात. हेच कोलिजन, म्हणजे टक्कर. ज्यांचे संकेत असे आदळू शकतात, त्या सगळ्यांचा मिळून एक कोलिजन डोमेन होतो.

टक्कर झाली की दोघेही थांबतात आणि चिठ्ठी टाकल्यासारखा कितीही कमीजास्त वेळ वाट पाहून पुन्हा प्रयत्न करतात. पुन्हा टक्कर झाली, तर वाट पाहण्याची मर्यादा दुप्पट होते. 16 प्रयत्न फसले, की तो डेटा सोडून दिला जातो. म्हणूनच गर्दी वाढली की हबवरचं नेटवर्क रखडतं. शिवाय 10 मेगाबिटचा वेग आठजणांत वाटला जातो, तो वेगळाच.

स्विच मात्र पाठवणाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस वाचून तो कोणत्या पोर्टवर आहे हे लक्षात ठेवतो. प्रिंटरचा पोर्ट एकदा कळला, की बिल फक्त तिकडेच जातं. प्रत्येक पोर्ट हा स्वतंत्र कोलिजन डोमेन होतो. दोन्ही टोकं फुल डुप्लेक्सवर, म्हणजे एकाच वेळी पाठवत आणि घेत असतील, तर टक्कर होतच नाही.

तरी ‘सगळ्यांसाठी’ असलेला ब्रॉडकास्ट संदेश स्विच सर्व पोर्टांवर पाठवतोच. त्याला अडवतो तो राउटर. आयपी अ‍ॅड्रेस पाहून तो एका नेटवर्कमधून दुसऱ्यात वाट काढून देतो. घरातल्या ‘राउटर’च्या डबीत बहुधा राउटर, स्विच आणि वायफाय तिन्ही असतात. वायफायवर हवा सामायिक असल्याने तिथे पाळी सांभाळावीच लागते.

हब आता फारसे दिसत नाहीत, पण टक्कर एका चुकीतून परत येते. 100 मेगाबिटच्या जोडणीत स्विचचा पोर्ट कुणी हाताने फुल डुप्लेक्सवर बांधला आणि संगणक ‘ऑटो’वर राहिला, तर संगणकाला वेग कळतो, डुप्लेक्स कळत नाही, आणि तो हाफ डुप्लेक्स धरतो. मग पिंग नीट चालतं, पण मोठी फाइल कॉपी करताना वेग कोसळतो. लिनक्सवर `ethtool eth0` दिल्यावर `Duplex: Half` दिसलं, तर केबल बदलण्याआधी दोन्ही टोकं ‘ऑटो’वर ठेवून पाहा.