वर्गातला उजेड आणि भिंतीचा रंग

वर्गाची लांबी ८ मीटर, रुंदी ६ मीटर. म्हणजे जमीन ४८ चौरस मीटर. भारतीय मानक वर्गखोलीसाठी जी उजेडाची पातळी सुचवते, तिचा मधला आकडा ३०० लक्स आहे. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन, तेव्हा बाकांच्या उंचीवर १४,४०० ल्युमेन पोहोचायला हवेत.

पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड बाकावर येत नाही. काही भिंती आणि छत गिळतात. पांढऱ्या, स्वच्छ रंगाच्या या वर्गात साधारण ६० टक्के खाली येतो असे धरू. शिवाय धूळ बसते, दिवे जुने होतात, म्हणून आणखी ०.८ ने गुणायचे. १४,४०० ला ०.४८ ने भागले की ३०,००० ल्युमेन येतात. २० वॅटची एलईडी ट्यूब २,००० ल्युमेन देत असेल, तर १५ ट्यूब लागतात.

फळ्यासाठी आणखी दोन वेगळ्या. एकूण ३४० वॅट, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ७.१ वॅट. अमेरिकेच्या ॲश्रे ९०.१ या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत वर्गासाठी मर्यादा साधारण ७.६ वॅट आहे. हिशेब बसला.

आता हाच वर्ग गडद, मळकट भिंतींचा समजा. ६० टक्क्यांऐवजी ४५ टक्केच उजेड खाली येतो. बाकी सगळे तेच असताना १५ च्या जागी २० ट्यूब लागतात, फळ्याच्या धरून ४४० वॅट होतात आणि आकडा ९.२ वर जातो. मर्यादा मोडली ती दिव्यांनी नव्हे, रंगाने. असे असूनही कागदावर रंगाचा रकाना बहुधा शेवटी भरला जातो!

सरासरी गाठली म्हणून काम संपत नाही. युरोपीय मानकानुसार सर्वांत अंधाऱ्या जागेचा उजेड सरासरीच्या निदान ०.६ असावा. मोजके प्रखर दिवे मधोमध लावले, तर सरासरी ३१० आणि कोपऱ्यातल्या बाकावर १४० लक्स असे होऊ शकते. गुणोत्तर ०.४५, म्हणजे नापास. १५ ट्यूब पाचपाचच्या तीन रांगांत, रांगांमध्ये २ मीटर आणि भिंतीपासून १ मीटर अंतर ठेवून लावल्या, की कडेच्या बाकांनाही वाटा मिळतो. ट्यूब पंख्याच्या पात्यांच्या वर मात्र नको, नाहीतर वहीवर सावल्या सतत फिरत राहतात.

तपासणी रात्री किंवा पडदे लावून, लक्समीटर बाकाच्या उंचीला धरून होते. नव्या वर्गात मीटरने ३०० दाखवले तर खूश व्हायचे कारण नाही. धुळीचा ०.८ चा वाटा अजून खर्ची पडलेला नसतो, त्यामुळे पहिल्या दिवशी सरासरी ३७५ च्या आसपास दिसली पाहिजे.