दोन पाण्यांमधले अंतर

कृषी पदविकेच्या परीक्षेत एक गणित हमखास येते. हरभऱ्याच्या शेतातल्या मातीचे काही आकडे दिलेले असतात आणि पाण्याच्या दोन पाळ्यांमधले अंतर काढायचे असते. ते नीट सोडवले, तर माती, सिंचन आणि फेरपालट या तिन्ही धड्यांचा एकमेकांशी असलेला संबंध उलगडतो.

समजा, जमीन मध्यम काळी आहे. भरपूर पाणी देऊन जादा पाणी निचरून गेले आणि वाफसा आला, की या मातीत वजनाच्या 36 टक्के ओल असते. ओल 18 टक्क्यांवर आली, की पीक कायमचे सुकते. म्हणजे पिकाच्या कामाची ओल फक्त मधली 18 टक्के. उरलेली चिकणमातीच्या बारीक कणांना इतकी घट्ट धरून असते, की मुळांना ती ओढता येत नाही. म्हणूनच काळी माती हाताला ओलसर लागत असतानाही पीक मान टाकू शकते.

आता या टक्क्यांचे पाण्याच्या थरात रूपांतर करू. मातीची घनता 1.25 आहे आणि मुळे 60 सेंटिमीटर खोल गेली आहेत. 18 टक्के गुणिले 1.25 गुणिले 60 म्हणजे 13.5 सेंटिमीटर, अर्थात 135 मिलिमीटर. हा साठा पूर्ण संपेपर्यंत थांबायचे नसते. निम्मा, म्हणजे सुमारे 67 मिलिमीटर गेला, की पाणी द्यायचे. थंडीत जमिनीवरून आणि पानांतून मिळून रोज 4 मिलिमीटर पाणी उडत असेल, तर अंतर येते सोळा दिवसांचे.

तेच पीक, तीच हवा, पण जमीन हलकी मुरमाड धरू. वाफशाला ओल 18 टक्के, सुकण्याच्या वेळी 9 टक्के, घनता 1.5, आणि खाली मुरूम असल्यामुळे मुळांना जागा जेमतेम 30 सेंटिमीटर. साठा भरतो 40 मिलिमीटर, त्यातला निम्मा 20. पाणी पाचव्या दिवशीच द्यावे लागते. इथे एकदम 67 मिलिमीटर पाणी सोडले, तर बरेचसे मुळांच्या खाली निघून जाते आणि सोबत नत्रही नेते.

पाणी किती वेळ सोडायचे, हे याच आकड्यांवरून कळते. एकरावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 4 हजार लिटर. काळ्या जमिनीच्या 67 मिलिमीटरला 2 लाख 70 हजार लिटर लागतात. पंप सेकंदाला 5 लिटर पाणी देत असेल, तर पंधरा तास. आणि पाटाने देताना चाळीस टक्के पाणी वाया जात असेल, तर पंचवीस तास.

उत्तर चुकते ते बहुधा मुळांच्या खोलीत. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांच्या रोपाला 60 सेंटिमीटरची खोली धरली, तर त्याच्या मुळांच्या आवाक्याबाहेरचे पाणी हिशेबात येते. म्हणून शेतात कुदळीने खणून मुळे कुठवर गेली ते पाहावे आणि तिथली माती मुठीत दाबावी. लाडू वळत असेल तर ओल शिल्लक आहे. भुगा होत असेल तर उशीर झाला. हरभऱ्याच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. काळ्या जमिनीत एकाच वेळी जास्त पाणी झाले, की पीक उभळते. भेगा रुंदावण्याची वाट पाहिली, तर पाणी त्यांतून थेट खाली जाते. त्यामुळे भेगा पडण्याआधी, तुषार संचाने हलके पाणी देणे बरे. मग पाळीही लवकर येते.

फेरपालटीचा प्रश्नही याच साठ्याशी येऊन भिडतो. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीत मुळांना मीटरभर खोली मिळते. वरचेच आकडे धरले, तर साठा 225 मिलिमीटरचा होतो. पावसाळ्यात मुरलेल्या अशा ओलीवर तिथे रब्बी ज्वारी पिकते. 40 मिलिमीटरच्या मुरमाड रानात विहिरीचे पाणी नसेल, तर खरिपानंतर दुसरे पीक धरणे धोक्याचे.

सोयाबीननंतर हरभरा ही जोडी आज सर्रास दिसते. ‘दोन्ही शेंगवर्गीय, म्हणून बेवड उत्तम’ असे उत्तर विद्यार्थी लिहितात. सोयाबीनने हवेतून घेतलेल्या नत्राचा मोठा भाग मात्र दाण्यांबरोबर बाजारात जातो. मानकूज रोगाची बुरशी दोन्ही पिकांवर जगते आणि हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी जमिनीत अनेक वर्षे टिकून राहते. मर दिसलेल्या शेतात पुढची काही वर्षे हरभरा टाळून ज्वारी किंवा मका घ्यावा. कोणते पीक घ्यायचे ते मात्र ओलीचा साठा पाहून ठरवावे: खोल काळ्या रानात रब्बी ज्वारी ओलीवर येईल, मक्याला पाळ्यांची सोय आधी बघावी लागेल.