नऊशे कुठून आले, सर?

सत्राचा सहावा आठवडा चालू होता. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत होती. हातात वहीचं फाडलेलं पान. "मॅडम, हे कॉस्टिंगच्या सरांना द्यायचंय. तुम्ही आधी बघाल का? त्यांना राग नाही ना येणार?"

पानावर चार ओळी होत्या. "सर खूप छान शिकवतात, त्यांचं ज्ञान अफाट आहे. पण शिकवलेलं समजत नाही. फार फास्ट जातात. भेटायला गेलं तर कधीच भेटत नाहीत."

पहिल्या ओळीत आरती आणि उरलेल्या तीन ओळींत फिर्याद. असे कागद मी बरेच वाचले आहेत, काही माझ्याबद्दलचेही. ते वाचून शिक्षकाला राग येतो हे खरंच, पण त्याहून मोठी अडचण अशी की उद्या वर्गात नेमकं काय वेगळं करायचं, हे त्यातून काही केल्या कळत नाही.

मी तिला बसवलं. "समजत नाही म्हणजे कुठे अडतं? एक गणित दाखव."

तिने वही उघडली. प्रोसेस कॉस्टिंगचं उदाहरण होतं. एका प्रक्रियेत १,००० किलो माल घातला, एकूण खर्च १८,५०० रुपये. १० टक्के घट नेहमीचीच, म्हणजे १०० किलो. ती भंगारात विकून ५०० रुपये येतात. प्रत्यक्षात हाती आला ८५० किलो माल. वहीत पुढची ओळ होती: १८,००० भागिले ९००, बरोबर २० रुपये. आणि त्या ९०० भोवती तिने पेन्सिलीने तीन वेळा गोल केला होता.

"घातले हजार, मिळाले साडेआठशे. मग हे नऊशे कुठून आले? सर म्हणाले, 'इथे नऊशे घ्यायचे', आणि पुढे गेले."

मी अर्थशास्त्र शिकवते, कॉस्टिंग नव्हे. पण उत्तर एका वाक्याचं आहे: १०० किलो घट होणारच हे धरलेलं असतं, म्हणून खर्च चांगल्या मालाच्या अपेक्षित ९०० किलोंवर वाटायचा, आणि जास्तीची ५० किलो घट २० रुपये दराने, १,००० रुपयांची, वेगळी दाखवायची. ज्याने वीस वेळा हे गणित सोडवलं आहे त्याला ते वाक्य उच्चारायची गरजच वाटत नाही. आपण कोणती पायरी गाळली, हे शिकवणाऱ्याला फळ्याजवळून दिसत नाही. ते बाकावरूनच दिसतं. विद्यार्थ्याच्या अभिप्रायाची खरी किंमत एवढ्यात आहे. सरांचं ज्ञान अफाट आहे की नाही, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलीने ठरवायचं नसतं, आणि तिला ते ठरवताही येत नाही.

मोठ्यांनाही येत नाही म्हणा. १९७० साली अमेरिकेत मायकेल फॉक्स नावाच्या नटाला 'डॉ. फॉक्स' म्हणून मानसोपचारतज्ज्ञांसारख्या जाणत्या श्रोत्यांपुढे उभं केलं होतं. व्याख्यान ऐटबाज, आत मुद्दाम भरलेली असंबद्ध बडबड. श्रोत्यांनी अभिप्रायात भरभरून गुण दिले. हा प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून 'छान शिकवतात' या शेऱ्यावर माझा तरी फार भरवसा नाही.

आमच्याकडे छापील फॉर्म असतातच. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात पर्याय निवडायचे २० प्रश्न असतात. अभ्यासक्रम किती टक्के शिकवला, शिक्षकाचं म्हणणं कितपत पोचतं, असे. एकविसावा प्रश्न मोकळा, त्यात सूचना लिहायच्या. मुलं वीस प्रश्नांवर एका दमात टिका करतात आणि एकविसाव्याला 'ऑल गुड' लिहून कँटीनला जातात. शिवाय महाविद्यालयातले फॉर्म बहुतेक वेळा सत्र संपता संपता येतात. म्हणजे नऊशेचा खुलासा झालाच, तर तो पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी.

तिची तिसरी तक्रार मला जास्त खुपली. 'कधीच भेटत नाहीत.' मी विचारलं, "कधी गेली होतीस?"

"दोनदा. मंगळवारी दोन वाजता आणि गुरुवारी अडीचला."

हे सर तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर आहेत. घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. सकाळचे तास आमच्याकडे घेऊन ते एसटीने तालुक्याच्या दुसऱ्या महाविद्यालयात जातात. पूर्णवेळ शिक्षकाने रोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असावं असं विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम सांगतो, पण या सरांना आमच्याकडे धड स्वतःची खुर्चीही नाही. मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. म्हणूनच 'सर भेटत नाहीत' यात हेतू चिकटतो. 'मी या दोन वेळी आले होते' यात चिकटत नाही.

"आणि तू स्वतः किती तासांना होतीस?" या प्रश्नावर ती जरा वरमली. चौदापैकी बारा. मी म्हटलं, तेही लिही.

दुसऱ्या दिवशी तिने आणलेला कागद असा होता:

"सर, नमस्कार. प्रोसेस कॉस्टिंगच्या १४ तासांपैकी मी १२ तासांना हजर होते. आपण प्रत्येक गणिताआधी कारखान्यातलं उदाहरण देता, त्यामुळे नेहमीची घट आणि जास्तीची घट यांतला फरक मला लगेच समजला. मात्र सोमवारच्या गणितात खर्चाला ९०० ने का भागलं, हे मला कळलं नाही. बाजूच्या चार जणींना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. ती पायरी पुन्हा एकदा सांगाल का?

त्या तासाला आपण तीन गणितं घेतली. तिसरं माझं अर्धं उतरवून झालं होतं तेव्हा फळा पुसला गेला. पुसण्याआधी दोन मिनिटं मिळाली तर उतरवता येईल.

शंका विचारायला मी मंगळवारी दोन वाजता आणि गुरुवारी अडीचला आले होते, तेव्हा आपण निघाला होतात. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं, आपल्याला सोयीची कोणतीही वेळ सांगितलीत तर आम्ही थांबू."

'आपण' आणि 'नमस्कार' आहेत म्हणून हे पत्र आदराचं आहे, असं मला वाटत नाही. सरांना करता येईल तेवढंच तिने मागितलं, यात आदर आहे. 'फास्ट' या शब्दाचं तिने तीन गणितं, एक डस्टर आणि दोन मिनिटं केलं. ४८ मिनिटांच्या तासात दोन मिनिटं कुठून काढायची, हे कुठलाही शिक्षक ठरवू शकतो.

खाली नाव घालावं का, हा प्रश्न उरला. अंतर्गत गुण सरांच्याच हातात, तेव्हा भीती खोटी नव्हे. पण निनावी लिहायचं तर हजेरीचा आकडा आणि भेटीच्या वेळा गाळाव्या लागल्या असत्या, कारण त्यावरून माणूस ओळखू येतो. बाजूच्या चौघींनी आपापली हजेरी शेवटी जोडून सह्या केल्या आणि कागद पाच जणींचा झाला.

सरांनी तो माझ्यासमोरच वाचला. "नऊशे मी सांगितलेच नाहीत?" एवढंच म्हणाले. पुढच्या तासाला ते गणित पुन्हा झालं. आता बुधवारी शेवटच्या तासानंतर ते वाचनालयाच्या व्हरांड्यात वीस मिनिटं थांबतात. एसटी पुढची धरतात. फळा पुसण्याआधी "झालं का?" विचारतात. वेग मात्र फारसा उतरलेला नाही. अभ्यासक्रमातली चार प्रकरणं बाकी आहेत आणि तास उरलेत एकोणीस.