पनवेलच्या ढगांवर सतत नजर
इन्सॅट-३डीआर हा हवामान उपग्रह २०१६मध्ये सोडला. तो विषुववृत्तावर, ७४ अंश पूर्व रेखांशावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच आहे. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्याने पनवेलहून तो दक्षिणेकडे कायम एकाच जागी असतो. खालच्या कक्षेतला उपग्रह दहा-पंधरा मिनिटांत क्षितिजाआड जातो. इन्सॅट-३डीआर साधारण अर्ध्या तासाने त्याच ढगांचे चित्र पुन्हा घेतो, रात्रीसुद्धा. लागोपाठच्या चित्रांत ढगमाथ्याचे तापमान झपाट्याने घसरले, की ढग वर चढतोय हे कळते. मात्र अवरक्त चित्रातला एक ठिपका सुमारे चार किलोमीटरचा. त्यात गल्ली शोधू नये.