पंचविसाव्या डब्यानंतरचा हिशेब

डोंबिवलीतल्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळी साडेपाचला कणीक तिंबली जाते. मेघनाचा दिवस तिथून सुरू होतो. मेघना हे नाव कल्पित आहे आणि तिचे आकडेही मी बेतून घेतलेत. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम शहरात अशी मुलगी तुम्हाला दोन बिल्डिंगा सोडून सापडेल. वय सव्वीस, नोकरी सुटलेली, हाताला चव. सुरुवात शेजारच्या काकांच्या एका डब्यापासून झाली. वर्षभरात पंचवीस डबे झाले.

एप्रिलमधला तिचा हिशेब सरळ होता. पंचवीस डबे, ११० रुपयांना एक, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे ७१,५०० रुपये. शनिवार-रविवारच्या वाढदिवस-बारशांच्या ऑर्डरी धरून आणखी ४०,०००. जुलैत एका ऑफिसने चाळीस माणसांचं दुपारचं जेवण लावलं. ताट १२० रुपयांना, महिन्याला बावीस दिवस, म्हणजे १,०५,६०० रुपये. मदतीला दोन बायका आल्या, गॅलरीत मोठी शेगडी आली, १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर आला.

सप्टेंबरअखेर तिची सहा महिन्यांची विक्री ९,८५,८०० रुपये झाली होती. ऑक्टोबरात दिवाळीच्या फराळाने एकट्याने ३,४०,००० दिले. नोव्हेंबर संपला तेव्हा एकूण आकडा बरोबर १७,६०,००० होता. तो तिने कधी मांडलाच नव्हता. तिच्या वहीत किराणा, भाजी, गॅस, बायकांचा पगार आणि खाली उरलेली रक्कम असे रकाने होते. विक्रीच्या एकूण बेरजेला रकानाच नव्हता.

मुद्दा नेमका इथेच आहे. जीएसटीची मर्यादा नफ्यावर मोजत नाहीत, विक्रीवर मोजतात. मेघनाच्या हातात शंभरातले जेमतेम तीस उरतात. २० लाखांच्या विक्रीत तिची कमाई सहा लाखांच्या आसपास. म्हणून "मी कुठली वीस लाखवाली!" असं तिला वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण कायदा तिच्या वहीचं शेवटचं पान वाचत नाही. तो आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिल ते मार्च, एका पॅनवर झालेली सगळी विक्री जोडतो. डबे, ऑफिस, बारसं, फराळ सगळं एकत्र. रोख आलेलं, यूपीआयवर आलेलं, चेकने आलेलं, सगळं. तिने उद्या एखाद्या डिलिव्हरी ॲपवर नाव नोंदवलं, तर जानेवारी २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे तिथल्या रेस्टॉरंटसारख्या विक्रीचा कर ॲप कंपनीच भरते. तरी ती विक्रीही या बेरजेत धरायची असते. हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

मर्यादेबाबतही एक गैरसमज सर्रास ऐकू येतो: "चाळीस लाखांपर्यंत काही नाही." चाळीस लाखांची सवलत फक्त माल विकणाऱ्यांना आहे. शिजवलेलं जेवण पुरवणं ही कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे, आणि सेवेसाठी महाराष्ट्रात मर्यादा २० लाखांचीच आहे. मेघनाचे लाडू-चकली हा माल आणि डबे ही सेवा. दोन्ही करणाऱ्याला चाळीसचा फायदा मिळत नाही.

डिसेंबरात नेहमीचं काम चालूच होतं. २५ तारखेला तिने तीनशे माणसांचा साखरपुडा घेतला, ताट ३०० रुपये, एकूण ९०,०००. त्या सकाळपर्यंतची विक्री साधारण १९ लाख ३० हजार होती. पुरीभाजी, मसालेभात आणि बासुंदी वाढून संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा वीस लाखांचा उंबरठा मागे पडला होता, आणि तिला पाय दुखण्यापलीकडे काही जाणवत नव्हतं.

समजलं ते योगायोगाने. ऑफिसच्या हिशेबनीसाने जानेवारीच्या सुरुवातीला विचारलं, "मॅडम, तुमचा जीएसटी नंबर काय?" घरी सासऱ्यांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे सेल्स टॅक्सवाले येणार का गं?" त्यांच्या पिढीला तोच शब्द माहीत. त्यांच्या ऐन उमेदीत विक्रीकर होता, २००५ मध्ये महाराष्ट्रात व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. माझगावचं विक्रीकर भवन मात्र अजून बऱ्याच जणांच्या तोंडी त्याच नावाने आहे.

मेघना वही आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन कर सल्लागाराकडे गेली. त्याने महिन्यांची बेरीज केली, साखरपुड्याच्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, तीस दिवस असतात. २४ जानेवारीपर्यंत अर्ज गेला पाहिजे."

तिचा पहिला प्रश्न सगळ्यांचाच असतो: मग वीस लाखांवर पाच टक्के, म्हणजे लाख रुपये भरायचे? नाही. मर्यादेच्या आतली विक्री करमुक्तच राहते. कराची जबाबदारी मर्यादा ओलांडल्या दिवसापासून सुरू होते. साखरपुड्यानंतर दोन आठवड्यांत तिने १,०५,००० रुपयांची विक्री केली होती, आणि गिऱ्हाइकांकडून कर वेगळा घेतलेला नव्हता. जेवण तर लोकांच्या पोटात गेलेलं. तेव्हा आलेल्या पैशांतच कर आहे असं धरायचं: १०५ रुपयांत ५ रुपये. म्हणजे ५,००० रुपये तिच्या खिशातून. आणखी सहा महिने कळलं नसतं, तर हाच आकडा पन्नास-साठ हजारांवर गेला असता, त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज, आणि नोंदणी न केल्याचा दंड वेगळा: १० हजार रुपये किंवा बुडालेल्या कराइतका, जे जास्त असेल ते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात हजारो छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या नोंदींवरून नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूच्या दुकानांवर "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या होत्या. पाटी लावल्याने मर्यादा काही बदलत नाही, रोखही मोजायचीच असते.

आता खरा निर्णय. सल्लागाराने आधी कंपोझिशन स्कीम सुचवली, कारण "छोट्या धंद्याला कंपोझिशन" हे जवळपास पाठ झालेलं वाक्य आहे. दीड कोटींपर्यंतच्या उलाढालीला ती चालते. दर तिमाहीला `CMP-08` भरून कर जमा करायचा, आणि वर्षातून एक रिटर्न, ते ३० जूनपर्यंत. काम कमी. पण त्यात गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, बिलावरच तसं छापावं लागतं. आणि तयार जेवणाला दर आहे विक्रीच्या ५ टक्के.

नेहमीच्या नोंदणीतही केटरिंगला दर ५ टक्केच आहे, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न घेता. म्हणजे सिलिंडरवर आणि प्लॅस्टिकच्या डब्यांवर तिने दिलेला १८ टक्के कर दोन्हीकडे सारखाच बुडतो. फरक एवढाच की इथे ती ऑफिसच्या १२० रुपयांच्या ताटावर ६ रुपये वेगळे लावू शकते. कंपोझिशनमध्ये तेच ६ रुपये तिच्या पदरचे.

ती भाव अजिबात वाढवणार नाही असं धरून वर्षाला २४ लाखांचा हिशेब करू. नेहमीच्या पद्धतीत २४ लाखांतच कर आहे असं मानून १,१४,२८६ रुपये भरायचे. कंपोझिशनमध्ये पूर्ण २४ लाखांवर ५ टक्के, म्हणजे १,२०,०००. घरगुती केटरिंगच्या बाबतीत कंपोझिशन स्वस्त नाहीच. तिथे वाचतो तो फक्त कागदांचा व्याप. किराणा दुकानदाराला ती योजना जशी फायद्याची पडते, तशी स्वयंपाक करणाऱ्याला पडेलच असं नाही, आणि माझ्या मते हा हिशेब करून दाखवल्याशिवाय कुणी तो पर्याय सुचवू नये.

मेघनासाठी निर्णय फराळाने केला. कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर विक्री करता येत नाही. ऑक्टोबरात बंगळुरूच्या मामेबहिणीने तिच्या सोसायटीसाठी पंचवीस किलो फराळ मागवला होता. कुरियरचं जमलं नाही म्हणून ते राहून गेलं. सल्लागाराने हे ऐकून कपाळाला हात लावला. फराळ हा माल आहे, आणि दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला करपात्र माल विकला की वीस लाखांची सवलतच राहत नाही, पहिल्या किलोपासून नोंदणी लागते. कुरियरवाल्याने तिला नकळत वाचवलं होतं. पुढच्या दिवाळीला मात्र तिला बंगळुरूला पाठवायचंच होतं. सप्टेंबर २०२५ पासून चिवडा-चकलीवरचा करही लाडवांसारखा ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा तो हिशेबही सोपा झालाय. तिने नेहमीची नोंदणी घेतली. तिमाही रिटर्नची सोय आहे. कर मात्र मधल्या महिन्यांतही भरावा लागतो.

अर्ज gst.gov.in वर भरायचा, सरकारी फी नाही. पॅन, आधार, फोटो, बँकेचा तपशील, आणि जागेचा पुरावा. तिचं घोडं इथे अडलं. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर, आणि तिने नुसतं वीजबिल जोडलं. तिसऱ्या दिवशी खुलासा मागणारी नोटीस आली. सासऱ्यांचं संमतीपत्र लावलं आणि काम पुढे सरकलं. वीजबिलावरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता यांत फ्लॅट नंबरचाही फरक नको, एवढं सांभाळलं तरी बरेच अर्ज अडत नाहीत. अधिकाऱ्याला जागा प्रत्यक्ष पाहायची असेल, तर मात्र वेळ जास्त लागतो.

नंबर आला पंधरा अक्षरांचा. सुरुवातीला २७, हा महाराष्ट्राचा क्रमांक. पुढची दहा अक्षरं तिचा स्वतःचा पॅन. आता एखाद्या वर्षी विक्री अठरा लाखांवर आली तरी हा नंबर आपोआप सुटणार नाही. तो रद्द करून घेईपर्यंत रिटर्न भरावंच लागेल, शून्य विक्रीचंसुद्धा.

प्रमाणपत्र धंद्याच्या जागी दिसेल असं लावावं लागतं. ते आता ओट्यासमोरच्या भिंतीवर आहे, तेलाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या कव्हरात. वहीत एकूण विक्रीचा रकाना आलाय. ऑफिसने १२६ रुपयांचं ताट एका फोनवर मान्य केलं. शेजारच्या काकांचा डबा मार्चपर्यंत ११० रुपयांनाच जाईल, त्यातले ५ रुपये २४ पैसे मेघना भरेल; एप्रिलपासून ११६.